पहिल्या दहा मिनिटांचं सामान

माझ्या भाच्याच्या फोनला दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो. मागच्या मे महिन्यात तो आजोळी होता. मित्राने सांगितला म्हणून त्याने एक गेम उतरवायला घेतला. गेम बाराशे एमबीचा. सकाळी बटण दाबलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आकडा सत्तर टक्क्यांवर आला. मग डेटा संपत आल्याचा मेसेज आला आणि वेगही मंदावला. संध्याकाळी त्याने ते डाउनलोड रद्द करून टाकलं. गेमचं पहिलं चित्रही त्याने पाहिलं नाही. दिवसाचा डेटा मात्र गेला.

बाराशे एमबीच्या त्या गेममध्ये सुरुवातीची दहा मिनिटं खेळायला लागणारा भाग किती असेल? मी अनेक गेमच्या फाइली उघडून पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तो भाग बहुधा सव्वाशे-दीडशे एमबीत बसतो. बाकी सगळं पुढच्या पातळ्यांचं सामान असतं आणि त्यातल्या कित्येक पातळ्यांपर्यंत बहुतेक खेळाडू कधी पोचतच नाहीत. घर बदलताना पहिल्या रात्रीची पिशवी आपण वेगळी बांधतो. तिच्यात अंथरूण, दोन भांडी, चहासाखर आणि दिवा असतो, म्हणजे टेम्पो दुसऱ्या दिवशी आला तरी रात्र निभावते. गेमचंही असंच करता येतं. अँड्रॉइडवर त्याची रीतसर सोय 2020 पासून आहे. तिचं नाव प्ले ॲसेट डिलिव्हरी.

त्याआधी काय होतं, हे थोडक्यात सांगायला हवं. गूगल प्लेवर ॲपच्या मुख्य फाइलला, म्हणजे एपीकेला, सुरुवातीला 50 एमबीची मर्यादा होती. गेम तर त्याच्या कितीतरी पट मोठे होऊ लागले होते. म्हणून 2012 मध्ये गूगलने जोडफाइलींची सोय दिली. प्रत्येकी दोन जीबीपर्यंतच्या दोन फाइली एपीकेसोबत देता येत. त्यांचं शेपूट `.obb` असं असे, म्हणून सगळे त्यांना ओबीबीच म्हणत. जुन्या फोनमधलं `Android/obb` हे फोल्डर अनेकांनी पाहिलं असेल. ओबीबीमध्ये दोन अडचणी होत्या. एक तर ती फाइल सगळी मिळून एकच गठडी असे. पहिल्या पातळीसाठीही पूर्ण गठडी उतरवावी लागे. दुसरं, ती एपीकेसोबत नीट आली नाही, तर ती शोधण्याचं आणि पुन्हा उतरवण्याचं काम गेमलाच करावं लागे. 2018 मध्ये ॲप बंडल हा नवा प्रकार आला आणि ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲप्सना तो सक्तीचा झाला. नव्या गेमसाठी ओबीबीचा रस्ता तिथे बंद झाला.

बंडलमध्ये गेमकर्ता आपलं सामान वेगवेगळ्या पॅकमध्ये बांधतो आणि प्रत्येक पॅकवर तो कधी पोचवायचा हे लिहून ठेवतो. त्याचे तीन प्रकार आहेत. इन्स्टॉल-टाइम पॅक गेमसोबतच उतरतो. तो पूर्ण आल्याशिवाय गेम उघडत नाही. फास्ट-फॉलो पॅक इन्स्टॉल पूर्ण होताच आपोआप उतरायला लागतो, गेम उघडलेला नसला तरी, आणि तो उतरत असताना खेळाडूला आत जाता येतं. ऑन-डिमांड पॅक मात्र गेमने मागितल्याशिवाय येत नाही. सगळे पॅक गूगलच्याच सर्व्हरवरून येतात, त्यामुळे गेमकर्त्याला स्वतःचा सर्व्हर चालवावा लागत नाही. छोट्या स्टुडिओसाठी ही मोठी बचत आहे. एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. या पॅकमध्ये चित्रं, आवाज, मॉडेलं, नकाशे असं सामान ठेवता येतं, चालणारा प्रोग्राम ठेवता येत नाही. कोड सगळा मुख्य भागात राहतो.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, आपण गड चढण्याचा एक गेम करतोय. पायथ्याला सराव आणि मग एकेक गड: राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, हरिहर, रायगड, साल्हेर. निवेदन मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. पहिल्यांदा सगळं एकत्र बांधलं तर गेम 1410 एमबीचा होतो. त्यातला कोड आणि इंजिन 42 एमबी, मेनू, अक्षरं आणि बारीकसारीक आवाज 23, खेळाडूची आकृती, तिच्या हालचाली, दोर आणि इतर साहित्य 30, पायथ्याचं सरावाचं मैदान 25. हे झाले 120 एमबी. सहा गड प्रत्येकी सरासरी 195 एमबीचे, म्हणजे 1170. तीन भाषांचं निवेदन प्रत्येकी 40, म्हणजे 120.

इन्स्टॉल-टाइममध्ये काय ठेवायचं, हे इथे जवळजवळ आपोआप ठरतं. पहिले 120 एमबी. उरलेलं ठरवणं मात्र सोपं नाही, आणि गेम फोडण्याचं खरं कसब तिथेच लागतं.

एकेका गडाचे 195 एमबी उघडून पाहिले तर त्यातला मोठा भाग सगळीकडे तोच निघतो. काळा कातळ, वाळलेलं गवत, करवंदीच्या जाळ्या, आभाळ, वाऱ्याचा आवाज. चित्रकाराने कातळाचं एकच चित्र केलं आणि ते सहाही गडांवर वापरलं. पॅक बांधणाऱ्या साधनाला ते कळत नाही. राजगडाच्या पॅकला कातळ हवा, म्हणून ते एक प्रत तिथे टाकतं, तोरण्यालाही हवा, म्हणून दुसरी प्रत तिथे. असे 85 एमबी सहा वेळा भरले जातात. गेम चालतो, त्यात कुठलीही चूक दिसत नाही, म्हणून ही गोष्ट महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. ती ओळखण्याची खूण एकच आहे. सगळ्या पॅकचं बांधून झालेलं वजन एकत्र करा आणि मूळ सामानाच्या वजनाशी ताडून पाहा. बेरीज जास्त निघाली, की प्रती वाढल्या आहेत असं समजा.

उपाय असा, की सामाईक सामान बाहेर काढून त्याचा वेगळा पॅक करायचा. त्याला ‘कातळ’ म्हणू. आता प्रत्येक गड 110 एमबीचा उरतो. सहा गडांचे 660 आणि कातळाचे 85 मिळून 745 एमबी. आधी हेच 1170 होतं. चित्रांचा दर्जा तसूभरही कमी न करता सव्वाचारशे एमबी वाचले आणि पूर्ण गेम 985 एमबीवर आला. पण यामुळे एक नवं बंधनही येतं. कातळ आल्याशिवाय कुठलाच गड उघडता येत नाही. एखाद्या गडाने कातळ आला आहे का हे न विचारताच चित्र मागितलं, तर खेळाडूला दगडांच्या जागी सपाट रंगाचे ठोकळे दिसतात, किंवा गेम बंद पडतो. म्हणून कोणता पॅक कोणावर अवलंबून आहे, याची यादी गेममध्येच ठेवावी लागते. वाटणी फार बारीकही करू नये. मी एकदा हौसेने एका छोट्या गेमचे तीसेक पॅक केले होते. कोणाला कोणाची गरज आहे याचा गुंता इतका वाढला, की शेवटी ते परत सातावर आणले.

आता पोचवण्याची वेळ. राजगड हा पहिला गड, सरावानंतर लगेच लागणारा. म्हणून राजगड आणि कातळ फास्ट-फॉलोमध्ये, मिळून 195 एमबी. बाकी पाच गड ऑन-डिमांड. निवेदनही ऑन-डिमांड, कारण खेळाडू भाषा निवडेपर्यंत कोणतं हवं हे आपल्याला माहीत नसतं, आणि तिन्ही भाषा प्रत्येकाच्या माथी मारायचं कारण नाही. सरावात निवेदनाऐवजी पडद्यावर मजकूर दाखवला की भागतं.

तोरण्याच्या पॅकसाठी प्रकल्पात एक वेगळं फोल्डर करून त्यात एवढंच लिहावं लागतं:

```
plugins {
    id 'com.android.asset-pack'
}
assetPack {
    packName = "torna"
    dynamicDelivery {
        deliveryType = "on-demand"
    }
}
```

राजगडासाठी शेवटचा शब्द `fast-follow`, आणि पायथ्यासाठी `install-time`. लिहायला हे पाच मिनिटांचं काम आहे. आधीचा निर्णय घ्यायला मात्र आठवडे लागतात.

खेळाडूला हे कसं जाणवतं, तेही मोजून पाहू. नेटचा वेग चार एमबीपीएस धरला, तर अख्खे 985 एमबी उतरायला तेहतीस मिनिटं लागतात. फोडलेल्या गेमचे 120 एमबी चार मिनिटांत येतात. खेळाडू आत शिरतो आणि पायथ्यावर दोर बांधायला शिकतो. त्यात आठ-दहा मिनिटं जातात. तोवर मागे राजगड आणि कातळ साडेसहा मिनिटांत येऊन पोचलेले असतात. त्याला कुठे थांबावंच लागत नाही. पण वेग एकच एमबीपीएस असेल, तर हेच 195 एमबी यायला सव्वीस मिनिटं लागतात आणि सराव त्याच्या बराच आधी संपतो. अशा वेळी नुसतं फिरणारं चक्र दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. पायथ्याच्याच सामानात आणखी दोन-तीन आव्हानं बसवता येतात, वेळ लावून चढायचं किंवा अंधारात चढायचं. त्यांना नवं चित्र लागत नाही, म्हणजे वजन जवळजवळ वाढत नाही, आणि खेळाडूचा वेळ सत्कारणी लागतो.

ऑन-डिमांड पॅक कधी मागायचा, यात अनेक गेम फसतात. खेळाडूने ‘तोरणा’ या नावावर बोट ठेवलं की मग मागणी करायची, असा सरळ विचार केला जातो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. राजगड पूर्ण करायला समजा चाळीस मिनिटं लागतात. खेळाडू पद्मावती माचीवर पोचला, म्हणजे तो खेळात रमला आहे हे कळलं, आणि बालेकिल्ला अजून पंचवीस मिनिटं दूर आहे. तोरणा मागायची वेळ हीच. एक एमबीपीएसलाही 110 एमबी पंधरा मिनिटांत येतात. याच्या आधी मागणंही चूक आहे, कारण जो खेळाडू पहिल्या माचीलाच कंटाळून गेम काढून टाकणार आहे, त्याचा डेटा आपण फुकट घालवलेला असतो.

मागणी केल्यावर पॅक थेट हातात पडत नाही, तो अनेक अवस्थांतून जातो, आणि त्या अवस्था खेळाडूला नीट न सांगितल्याने सर्वांत जास्त तक्रारी येतात. `DOWNLOADING` म्हणजे उतरतोय, हे सगळे दाखवतात. त्यानंतर `TRANSFERRING` येतं. पॅक पूर्ण उतरला आहे आणि आता फोनमध्ये जागेवर लावला जातोय, असा त्याचा अर्थ. स्वस्त फोनमध्ये याला चांगलाच वेळ लागतो. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचून तिथेच अडकलेली दिसते, खेळाडूला वाटतं गेम लटकला, आणि तो गेम बंद करतो. ‘गड उतरला, आता रचतोय’ एवढे चार शब्द तिथे लिहिले तर तो थांबतो.

`WAITING_FOR_WIFI` ही अवस्था याहून अवघड. डाउनलोड 200 एमबीपेक्षा मोठं असेल आणि फोन वायफायवर नसेल, तर खेळाडूने मोबाइल डेटा वापरायला स्पष्ट होकार दिल्याशिवाय ते सुरूच होत नाही. हा नियम प्लेचा आहे आणि योग्य आहे. तो होकार मागणारी खिडकी गेमने स्वतःहून उघडावी लागते. समजा, पुढे आपण सिंधुदुर्ग जोडला आणि समुद्राच्या लाटांमुळे त्याचा पॅक 260 एमबीचा झाला. खिडकी उघडण्याची ओळ लिहायची राहिली, तर मोबाइल डेटावरचा खेळाडू शून्य टक्क्यांकडे बघत बसतो. गेमकर्त्याच्या ऑफिसात हे कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळे वायफायवर असतात. आपले गड 110 एमबीचे आहेत, त्यांना हा नियम लागू होत नाही. तरीही ‘तोरण्यासाठी 110 एमबी लागतील, आत्ता उतरवू का वायफाय आल्यावर?’ असं विचारावं, या मताचा मी आहे. दीड जीबीत दिवस काढणाऱ्याला तो प्रश्न विचारणं हे साधं सौजन्य आहे.

तिसरी अडचण जागेची. भरत आलेल्या फोनमध्ये `INSUFFICIENT_STORAGE` ही चूक येते. तेव्हा नुसतं ‘जागा नाही’ असं सांगून गप्प बसू नये. खेळाडूने राजगड सर केला असेल, तर त्याचा पॅक काढून टाकायचा पर्याय गेमच देऊ शकतो, आणि पुन्हा जावंसं वाटलं तर तो परत मागता येतो. खेळाडूची प्रगती मात्र पॅकमध्ये कधीही साठवू नये. ती मुख्य भागात हवी, नाहीतर पॅकसोबत तीही गेली.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. आपण गेम मित्राच्या फोनवरून थेट घेतो. जुन्या काळी एक एपीके पाठवली की काम होत असे. बंडलमधून आलेला गेम फोनमध्ये अनेक तुकड्यांत असतो. नुसता मुख्य तुकडा पाठवला, तर तो बहुधा चालतच नाही, आणि चालला तरी प्ले त्या फोनला पॅक देत नाही, कारण त्या खात्यावर गेम घेतल्याची नोंद नसते. कारण कळलं नाही की लोक गेमला नावं ठेवतात. अशा वेळी ‘हा गेम प्ले स्टोअरवरून घ्या’ असं स्वच्छ मराठीत सांगणारा एक पडदा गेमच्या मुख्य भागातच असायला हवा.

तपासणीबद्दल दोन शब्द. घरच्या संगणकावरून पॅक तपासायला `bundletool` या साधनात `--local-testing` अशी सोय आहे. रोजच्या कामाला ती छान आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. त्यात पॅक नेटवरून येत नाहीत, फोनमध्येच आधी ठेवलेल्या प्रतींमधून उचलले जातात. त्यामुळे नेट तुटणं, वायफायची वाट पाहणं, यातलं काहीच अनुभवाला येत नाही. फास्ट-फॉलो पॅकही तिथे आपोआप येत नाहीत, मागावे लागतात. खरी परीक्षा प्लेच्या अंतर्गत चाचणीतून उतरवलेल्या गेमची. फोनमध्ये साधं सिमकार्ड घालावं, वायफाय बंद करावं, जागा मुद्दाम भरून ठेवावी आणि डाउनलोड चालू असताना लिफ्टमध्ये शिरावं. माझ्या हाती लागलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मला लिफ्टमध्ये सापडल्या आहेत.

आयफोनवर हाच विचार आणखी आधी आला. ॲपलने 2015 मध्ये, आयओएस 9 सोबत, ऑन-डिमांड रिसोर्सेस आणले. त्यात सामानावर खुणेच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि चिठ्ठीच्या नावाने मागायचं. तिथे जागा कमी पडली की न वापरलेलं सामान फोन स्वतःच काढून टाकू शकतो, म्हणून काल आलेलं आजही असेल असं गृहीत धरता येत नाही.

आणि आता जी गोष्ट मला मनापासून खटकते ती. पहिलं डाउनलोड लहान ठेवायचं कारण धंद्याचंही आहे. एपीकेचा आकार दर 6 एमबीने वाढला की इन्स्टॉलचं प्रमाण सुमारे एक टक्क्याने घसरतं, असं गूगल प्लेने 2017 मध्ये आपल्या आकडेवारीवरून मांडलं होतं. तेव्हापासून स्टोअरवरचा आकडा लहान दिसावा यासाठी सगळ्यांची धडपड असते. ऑन-डिमांड पॅकचं वजन त्या आकड्यात येत नाही. म्हणून काही गेम 90 एमबीचे दिसतात, आणि उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर हजार-बाराशे एमबी मागतात, ते दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. तंत्र तेच, पॅक तेच, पण खेळाडूच्या पदरी काहीच पडलेलं नाही. माझ्या भाच्याची फसगत अशा गेमनेही तशीच झाली असती, फक्त वीस मिनिटं उशिरा. 120 एमबी उतरल्यावर हातात दोर आणि समोर कडा असेल, तरच ते 120 एमबी खरे.

गेम करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पॅक बांधून झाले की फोनचं नेट पूर्ण बंद करा आणि फक्त इन्स्टॉल-टाइम भागावर दहा मिनिटं खेळून पाहा. खेळता आलं नाही, तर वाटणी पुन्हा करा. आणि खेळणाऱ्यांनी एवढं पाहावं: गेम उघडताच तो मोठं डाउनलोड मागू लागला आणि नकार दिल्यावर काहीच करू देत नसेल, तर तसं स्टोअरवरच्या अभिप्रायात स्पष्ट लिहा, किती एमबी मागितले त्या आकड्यासकट.